वेस्टवाइकची चिठ्ठी, खारघरची खिडकी

ॲम्स्टरडॅमच्या झुइड स्थानकाबाहेरून सुटणारी 25 क्रमांकाची ट्राम दक्षिणेला ॲम्स्टलवेन शहर ओलांडत वेस्टवाइक या वस्तीत येते. ॲम्स्टलवेन विमानतळाला चिकटून आहे, केएलएम विमान कंपनीचे मुख्यालय इथेच आहे आणि गेल्या काही वर्षांत भारतीय कुटुंबांची इथे मोठी वस्ती झाली आहे. ऐरोली, महापे, घणसोलीच्या कंपन्यांतून कामासाठी नेदरलँड्सला जाणाऱ्या नवी मुंबईकरांच्या तोंडी हे नाव सहज असते. वेस्टवाइकमध्ये उतरल्यावर दिसतात त्या विटांच्या रांगघरांच्या गल्ल्या: एकमेकांना चिकटलेली दुमजली घरे, पुढे हातभर बाग, मागे थोडी मोठी बाग, तिच्याभोवती माणसाच्या उंचीचे लाकडी कुंपण. प्रत्येक घराच्या दारातच पत्रासाठी एक आडवी फट असते. टपाल तिच्यातून थेट घरात, पायपुसण्यावर पडते. या फटीतून अधूनमधून एक बिनतिकिटाचा कागद येतो, आणि नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला तो बहुधा पहिल्या उन्हाळ्यातच मिळतो. शेजारी घरगुती समारंभ ठरवतो तेव्हा त्याची आगाऊ सूचना देणारी ती चिठ्ठी असते.

चिठ्ठीचा साचा जवळजवळ ठरलेला आहे. सुरुवात ‘बेस्त ब्यूरन’, म्हणजे प्रिय शेजाऱ्यांनो. मग मुख्य मजकूर. समजा तो असा आहे: शनिवार 20 जून रोजी आम्ही मुलीचा पहिला वाढदिवस घरी साजरा करत आहोत, सुमारे तीस पाहुणे येतील, चार वाजता सुरू होईल, हवा चांगली असली तर बागेत बसू, थोडे संगीत असेल, रात्री साधारण दहापर्यंत आटोपेल. त्यानंतर येते ते वाक्य: ‘मॉख्त यू ओव्हरलास्त एर्फारन, बेल ऑन्स दान खरुस्त’. तुम्हाला त्रास झाला तर संकोच न करता आम्हाला फोन करा, आणि पुढे मोबाइल क्रमांक. शेवटी समजूतदारपणाबद्दल आधीच आभार, कुटुंबाचे नाव आणि घरक्रमांक. वयस्कर किंवा नव्या शेजाऱ्याला आदरार्थी संबोधतात, ओळख जुनी असेल तर सलगीचे. कधी शेवटी ‘एक पेला घ्यायला या’ अशी ओळ असते, पण ती नसली तरी चिठ्ठी अपुरी ठरत नाही. सारे मिळून सात-आठ ओळी. आठवडाभर आधी ती टाकायची, म्हणजे ज्याला त्या दिवशी दुसरीकडे जायचे असेल त्याला बेत करता येतो. दोन दिवस आधी टाकली तर ती नुसती माहिती ठरते आणि महिनाभर आधी टाकली तर लोक विसरतात.

मराठी वाचकाला यात पहिल्यांदा सौजन्य दिसते, आणि ते आहेच. पण मला वाटते, या कागदाचे खरे काम सौजन्याच्या पलीकडचे आहे. ही चिठ्ठी परवानगी मागत नाही. ‘चालेल ना?’ असे तिच्यात कुठेही विचारलेले नसते आणि शेजाऱ्याने उत्तर देण्याची अपेक्षाही नसते. ती दोन गोष्टी करते: गोंगाट कधी संपेल हे लिहून देते आणि तो सहन होईनासा झाला तर तक्रार कुठे करायची तो रस्ता मोकळा करते. बाकीचा मजकूर या दोन ओळींसाठीचे वेष्टन आहे. शेवटची वेळ आणि फोन क्रमांक काढून टाकले तर उरते ते निमंत्रण नसलेले निमंत्रणपत्र, आणि त्याचा कोणाला काही उपयोग नाही.

हे काम कागदावर का येऊन पडले, हे डच कायदा पाहिल्यावर कळते. शेजाऱ्याच्या घरगुती गोंगाटासाठी तिथे देशभर लागू असलेला डेसिबलचा आकडाच नाही. दिवाणी संहितेच्या पाचव्या भागातले 37 वे कलम इतकेच सांगते की जागेच्या मालकाने शेजाऱ्याला बेकायदा ठरेल असा उपद्रव देऊ नये, आणि त्या उपद्रवात आवाज येतो. फौजदारी संहितेचे 431 वे कलम रात्रीची झोप मोडू शकेल असा गोंगाट करणाऱ्याला दंड सांगते. त्यापुढचे नगरपालिकांच्या स्थानिक नियमावलीवर सोडलेले आहे. किती आवाज म्हणजे बेकायदा, हे परिस्थितीवर ठरते: किती वाजता, किती वेळ, कितव्यांदा, कशा वस्तीत. ‘वर्षातून एकदा मोठी पार्टी करायचा हक्क असतो’ असे तिथले लोक सर्रास सांगतात, पण असा हक्क कोणत्याही कायद्यात नाही. त्यामुळे दहा वाजता थांबणार असे लिहून देणाऱ्या घराने, आकडा नसलेल्या कायद्यात स्वतःसाठी एक आकडा घालून घेतलेला असतो. साडेअकराला संगीत चालू राहिले तर शेजाऱ्याला कायद्याचा अर्थ लावत बसावे लागत नाही, चिठ्ठी पुरेशी असते. वेळ घालून देण्यात यजमान स्वतःला बांधून घेतो आणि चिठ्ठीचे वजन त्यातून येते.

फोन क्रमांकाचे महत्त्व यापुढचे. तो नसेल तर त्रासलेल्या शेजाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: बेल वाजवून पाहुण्यांसमोर भांडायचे, किंवा पोलिसांच्या तातडी नसलेल्या कामाच्या क्रमांकावर, 0900-8844 वर, कळवायचे. पहिली वाट लाजिरवाणी आहे आणि दुसरी नाते तोडते. एकदा पोलीस दारात आले की मग पुढची काही वर्षे कुंपणावरून नमस्कारही होत नाही. अशी तुटलेली नाती सांधण्यासाठी नेदरलँड्समध्ये 1996 पासून शेजारमध्यस्थीची व्यवस्था उभी राहिली आहे. प्रशिक्षित स्वयंसेवक दोन्ही घरांशी आधी वेगवेगळे आणि मग एकत्र बोलतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत. पण मध्यस्थीपर्यंत प्रकरण जाते तेव्हा ते सहसा एका रात्रीचे राहिलेले नसते. चिठ्ठीवरचा क्रमांक त्या पहिल्या रात्रीच्या पहिल्या अर्ध्या तासासाठी आहे, जेव्हा राग नुकता सुरू झालेला असतो आणि ‘जरा आवाज कमी कराल का’ हे साध्या आवाजात म्हणता येते.

मराठी कुटुंब अशी चिठ्ठी लिहायला बसते तेव्हा चूक बहुधा भाषेत होत नाही, वेळेत होते. आपल्याकडे सहाला बोलावलेले पाहुणे साडेसातला येतात, केक आठला कापला जातो, जेवण नऊनंतर वाढले जाते. डच वाढदिवसात पाहुणे दिलेल्या वेळेला येतात, खुर्च्यांच्या वर्तुळात बसतात, आणि जेवण असणार की नाही हे आधीच सांगितलेले असते. चिठ्ठीवर ‘चार ते दहा’ लिहायचे असेल तर आपल्या पाहुण्यांना तीनला बोलवावे लागते आणि जेवण सातला वाढावे लागते. त्यात जूनचा उजेड फसवतो. 20 जूनला ॲम्स्टरडॅम परिसरात सूर्य दहा वाजल्यानंतर मावळतो. बागेत अजून लख्ख दिसत असते, मुले पळत असतात, आणि नवी मुंबईच्या संध्याकाळी सात वाजल्यासारखे वाटते, तेव्हा शेजारच्या घरात जाड पडदे ओढून मुले झोपवलेली असतात. शिवाय ऐंशीच्या दशकानंतर बांधलेल्या बऱ्याच रांगघरांत दोन घरांमध्ये पोकळी सोडून दोन स्वतंत्र भिंती असतात, त्यामुळे घरातला आवाज बऱ्यापैकी अडतो. बागेला मात्र भिंतच नसते. लाकडी कुंपणाने नजर अडते, आवाज वरून जातो. म्हणून ही चिठ्ठी फक्त डाव्या-उजव्या घरात टाकून भागत नाही, ज्यांच्या बागा पाठीला पाठ लावून आहेत त्या मागच्या गल्लीतल्या घरांतही टाकावी लागते. ही घरे रस्त्यावरून दिसत नसल्यामुळे नवे लोक नेमकी तीच विसरतात.

या पद्धतीवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की हे फार कोरडे आहे. शेजारी समारंभ आहे आणि आपल्याला बोलावणे नाही, फक्त सूचना, यापेक्षा काही न कळवलेले बरे. आक्षेपामागची भावना खरी आहे. पण सगळ्यांना बोलावणे हा त्यावरचा उपाय ठरत नाही, कारण ज्याला त्रास होण्याचा संभव सर्वात जास्त आहे तो नेमका येऊ शकत नाही. आजारी माणूस, तान्ह्या बाळाची आई, पहाटेच्या पाळीला जाणारा, दुसऱ्या दिवशी परीक्षा असलेला मुलगा, या सगळ्यांना केकपेक्षा वेळ कळणे गरजेचे असते. दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे: चिठ्ठी टाकली की लोकांना वाटते आता हवा तितका गोंधळ घालायला मोकळे झालो. असे वागणारे यजमान असतात, हे मान्य केले पाहिजे. पण चिठ्ठीने त्यांना कायद्याची सूट मिळत नाही. उलट वेळ पाळली नाही याचा त्यांच्याच अक्षरातला पुरावा शेजाऱ्याच्या हातात असतो.

आता नवी मुंबई. सिडकोची स्थापना 1970 साली झाली आणि खाडीपलीकडच्या या शहरात भिंतींचे जितके प्रकार बांधले गेले तितके मुंबईत क्वचितच एका जागी दिसतील. बेलापूरच्या सेक्टर 8 मध्ये, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेले आर्टिस्ट व्हिलेज आहे. सात-सात घरे एका लहान चौकाभोवती, असे तीन चौक मिळून एक मोठा चौक, अशी ती रचना. कोरियांनी घरांना सामाईक भिंती दिल्या नाहीत. प्रत्येकाला आपले घर शेजाऱ्याला धक्का न लावता वाढवता यावे, हा त्यामागचा विचार होता. आवाजाच्या दृष्टीने पाहिले तर भिंतीतून येणारा त्रास तिथे मुळातच टळला, पण चौक समाईक राहिला, आणि समारंभ चौकात झाला तर सातही घरांना त्यात असल्यासारखे होते. याच्या अगदी उलट कोपरखैरणेची माथाडी वसाहत. वाशीच्या बाजार समितीत काम करणाऱ्या कामगारांसाठी बांधलेली ही छोट्या भूखंडांवरची चिकटून असलेली घरे पुढे उभी वाढली, भिंती समाईक राहिल्या आणि गल्ल्या अरुंद. तिथे बारसे असो की हळद, मांडव गल्लीतच पडतो. आणि तिसरा प्रकार खारघरचा, जो आज पनवेल महापालिकेत येतो: उंच इमारती, समोरासमोर, मध्ये पार्किंगची जागा.

खारघरच्या इमारतीत शेजारी कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वेस्टवाइकमध्ये थंडीमुळे दुहेरी काचेच्या खिडक्या वर्षातले बरेच महिने बंद असतात. इथे उकाड्यामुळे सरकत्या खिडक्या उघड्या असतात, आणि आवाज भिंतीतून कमी, खिडकीतून जास्त बाहेर पडतो. एक हिशेब करून पाहू. दिवाणखान्याच्या उघड्या खिडकीत ठेवलेल्या स्पीकरचा आवाज एक मीटरवर 85 डेसिबल आहे असे धरू. घरगुती पार्टीत हा आकडा सहज गाठला जातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, त्या हिशेबाने वीस मीटरवरच्या समोरच्या इमारतीत तो 59 च्या आसपास पोचतो. दोन उंच इमारतींच्या मध्ये आवाज आपटून परत येतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्तच. म्हणजे बाराव्या मजल्यावरच्या वाढदिवसाचा त्रास शेजारच्या फ्लॅटपेक्षा समोरच्या इमारतीतल्या बाराव्या मजल्याला अधिक होऊ शकतो, आणि ती इमारत कित्येकदा वेगळ्या सोसायटीची असते. तिथला माणूस यजमानाला ओळखत नाही, त्याच्याकडे क्रमांक नाही, आपल्या सोसायटीत तक्रार करून उपयोग नाही. तो खिडकीतून ओरडतो किंवा 112 लावतो. दोन्ही प्रकार नवी मुंबईत नवे नाहीत.

गंमत अशी की इथे कायद्याकडे आकड्यांची कमतरता नाही. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात सकाळी सहा ते रात्री दहा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा आहे. खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज स्वतःच्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. रात्री ध्वनिक्षेपक फक्त बंद सभागृहांसारख्या जागांत चालतो. सणासमारंभांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस, आणि ती मुलीच्या वाढदिवसासाठी नसते. नियमांत आणखी एक बारकावा आहे. नागरिकाला तक्रार करता येते ती आवाज मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा अधिक वर गेला तर, किंवा रात्रीच्या बंधनाचा भंग झाला तर. वरचे उदाहरण यात बसवून पाहू. समोरच्या खिडकीत 59 डेसिबल येत आहेत. रात्री पावणेदहाला हा आवाज 55 च्या वर आहे, पण 65 पर्यंत पोचलेला नाही, म्हणून समोरच्याची तक्रार मोजमापावर टिकत नाही. सव्वादहाला तोच आवाज, तसूभरही न वाढता, 45 च्या मर्यादेपेक्षा चौदा डेसिबल वर आहे आणि तक्रार पक्की आहे. यजमानाच्या कानाला काहीच बदललेले नसते, म्हणून तो म्हणतो की आत्तापर्यंत चालले, आता काय झाले.

याचा अर्थ नेदरलँड्समध्ये आकडा नाही पण दाराला फट आहे, आणि नवी मुंबईत आकडे आहेत पण फट नाही. आपली सगळी व्यवस्था यजमान आणि सरकार यांच्यात आहे: परवानगी पोलिसांची, मर्यादा नियमांची, तक्रार 112 ला. मधल्या माणसासाठी, म्हणजे समोरच्या खिडकीसाठी, काही योजलेले नाही. आवाजावरून मुंबई उच्च न्यायालयात किती याचिका झाल्या, 2016 साली ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर किती सविस्तर निकाल आला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या साऱ्या याचिका मंडप, मिरवणुका आणि भोंग्यांच्या आहेत. फ्लॅटमधल्या तीस पाहुण्यांसाठी कोणी न्यायालयात जात नाही, जाऊही नये.

इथे एक वजनदार आक्षेप येतो: खरा गोंगाट मंडपाचा, वरातीचा आणि डीजेचा असताना घरगुती पार्टीला चिठ्ठीची शिस्त लावणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे. आक्षेप बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चूक आहे. मंडपाच्या आवाजाचे यजमान शेकडो लोक असतात, त्यांना चिठ्ठीने कोणी बांधून घेऊ शकत नाही, तिथे नियम आणि पोलीसच हवेत. घरगुती समारंभाचा यजमान एक कुटुंब असते आणि ते स्वतःला बांधून घेऊ शकते. चिठ्ठीचा उपयोग तेवढ्याच जागेत आहे, आणि ती जागा लहान असली तरी रोजची आहे. शिवाय नियमांनी सोडून दिलेला एक वर्ग इथे मोठा आहे. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत आणि रुग्णालयांत रात्रपाळी करणारी माणसे दिवसा झोपतात. त्यांच्यासाठी दुपारी दोनचे 55 डेसिबल कायदेशीर आहेत आणि असह्यही. कोणताही आकडा त्यांना वाचवत नाही. शनिवारी दुपारी बारा ते चार गाणी असणार हे आठवडाभर आधी कळले, तर ते त्या दुपारी बहिणीकडे जाऊन झोपू शकतात.

व्हॉट्सॲप गट आहेत की, असे कोणी म्हणेल. सोसायटीच्या गटावर ‘उद्या कार्यक्रम आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असे टाकले की झाले. हा संदेश तीन ठिकाणी कमी पडतो. एक, तो समोरच्या सोसायटीत पोचत नाही, आणि हिशेब सांगतो की तिथेच तो पोचायला हवा. दोन, गटावर शुभेच्छांच्या फुलांखाली तो तासाभरात गाडला जातो. आणि तिसरी अडचण सर्वात मोठी: उत्तरही गटावरच द्यावे लागते. दहा वाजता ‘आवाज कमी करा’ असे दोनशे लोकांसमोर लिहिले की तो तक्रार न राहता आरोप होतो, मग यजमानाचे मित्र उत्तरे देतात आणि वाढदिवस बाजूला राहतो. चिठ्ठीवरचा खाजगी क्रमांक हा प्रसंग दोन माणसांत ठेवतो. गट बंद करा असे म्हणणे नाही. गटावर वेळ कळवावी, पण तक्रारीसाठी क्रमांक वेगळा द्यावा.

मग वाढदिवस खारघरमध्ये असेल तर चिठ्ठी कशी असावी? पत्रपेटीत टाकून उपयोग नाही, तळमजल्यावरच्या त्या पेट्यांत महिनोन्महिने वीजबिले साचलेली असतात. कागद दाराखालून सरकवावा किंवा प्रत्यक्ष द्यावा: वरचा, खालचा आणि दोन्ही बाजूंचे फ्लॅट, कारण टाइल्सवर खुर्च्या ओढण्याचा आणि मुलांच्या उड्यांचा आवाज स्लॅबमधून खाली जातो. समोरच्या इमारतीसाठी तिथल्या वॉचमनकडे चार-पाच प्रती, मजल्याचा क्रमांक सांगून. भाषा मराठी आणि हिंदी अशा दोन्ही, आणि मजकूर डच चिठ्ठीएवढाच: शनिवार 20 जून, संध्याकाळी सहा ते दहा, सुमारे तीस पाहुणे, गाणी साडेनऊला बंद, त्रास झाल्यास या क्रमांकावर कळवा. ‘गाणी साडेनऊला बंद’ ही ओळ डच नमुन्यात नसते, आपल्याकडे मात्र ती हवी, कारण पाहुणे दहाला निघत नाहीत. जेवणे दहापर्यंत चालतील, निरोप लिफ्टपाशी अर्धा तास चालेल, ते कोणी टाळू शकत नाही. स्पीकर मात्र टाळता येतो. तोही अगदी हवा असेल, तर दहानंतर खिडक्या बंद करून एसी लावणे हा खर्चिक पण खरा उपाय आहे. साध्या सरकत्या खिडकीनेही आवाज पंधरा-वीस डेसिबलने उतरतो, म्हणजे समोर पोचणारे 59 चाळीसच्या घरात येतात. ढोलासारख्या खालच्या सुरांना मात्र काच फारशी अडवत नाही, ते भिंतीतूनही पुढे जातात. म्हणून स्पीकरवरचा बास आधी कमी करावा, आवाज नंतर.

रोज रात्री चालणारा मिक्सर, वरच्या मजल्यावर पहाटे सरकणारा पलंग, आठवड्यातून तीनदा होणारा गाण्याचा सराव, यांच्यापुढे असा कागद निरुपयोगी आहे. त्याचा जोर सारा ‘एका दिवसापुरते’ या अटीत आहे. दर पंधरवड्याला चिठ्ठी टाकणाऱ्या घराची चिठ्ठी डच शेजारीही मनावर घेत नाही. आणि एक साधी चूक दोन्ही देशांत सारखीच होते. चिठ्ठीवर यजमानाचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि पार्टी रंगात आली की त्याचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला असतो. शेजारी तीनदा लावून पाहतो, कोणी उचलत नाही, आणि मग तो पोलिसांनाच लावतो. क्रमांक अशा माणसाचा द्यावा, ज्याला त्या रात्री फोन ऐकू येईल: स्वयंपाकघरात असणारी मावशी, केक कापून झाल्यावर बाल्कनीत जाऊन बसणारे आजोबा, किंवा ज्याला फोन जवळ ठेवायचे काम दिले आहे असा घरातला एखादा कॉलेजात जाणारा मुलगा.